लांब उडीचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेम बघून सुधारणा मोजता येते का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. माझी भाची खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात दहावीला आहे, लांब उडी मारते. दसरा क्रीडा स्पर्धेत तालुक्यातून पुढे जाऊन बेळगावला उतरायचंच, असं तिनं ठरवलंय. शाळेत मातीची धावपट्टी आहे, लाकडी फळी बसवलीय, खड्ड्यात वाळूही बरी आहे. पीटीचे सर मनापासून शिकवतात, पण त्यांच्याकडे खो-खो, कबड्डी सगळंच आहे.

मी दर आठवड्याला मोबाइलवर तिच्या उड्या शूट करतो आणि घरी किनोव्हियात टाकून एकेक फ्रेम पुढं नेत बघतो. फळीवर पाय टेकतो त्या क्षणी गुडघ्याचा कोन मोजतो. आतापर्यंत १५९, १६५, १६१ आणि १६६ अंश आलेत. पाय जास्त ताठ पडायला लागलाय असं वाटतंय. टेपवर मात्र उडी ४.७०च्या पुढंमागंच घुटमळतेय. मग ही सुधारणा खरी म्हणायची का? आणि आठवड्या-आठवड्याला नेमकं मोजायचं तरी काय?

टिळकवाडीचा_तेज
काका, फोन कुठला आहे? फोर-के असेल तर त्यावरच शूट करा. चित्र जितकं स्पष्ट तितकं माप अचूक. फुल एचडीत कोन नीट कळत नाही.

आखाड्यातला
आमच्याकडं पोरांच्या कुस्त्यांचं शूटिंग ढीगभर पडलंय. त्यातून काय मोजता येईल का? एक पोरगा पट काढायला जातो आणि दर वेळी उशीर करतोय बगा.

मैदानमित्र
तेज, आधी तुमचं घेतो. फोर-केनं ठिपके वाढतात, पण बहुतेक फोन फोर-केवर सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमच घेतात. ही मुलगी फळीजवळ साधारण सेकंदाला ७ मीटर वेगानं येत असणार. ३० फ्रेमला दोन फ्रेमच्या मध्ये तिचं शरीर २३ सेंटिमीटर पुढं सरकतं. 'पाय टेकला तो क्षण' म्हणून तुम्ही जी फ्रेम थांबवता, त्यात एकदा पाय नुकताच टेकलेला असतो, तर दुसऱ्या वेळी टेकून जवळजवळ एक फ्रेम उलटलेली असते. तेवढ्यात गुडघा कितीतरी वाकतो. म्हणजे १५९ आणि १६५ मधला फरक पायात नसून तुम्ही कुठं थांबलात त्यात असू शकतो.

मलप्रभाकाठ, तुमचा फोन स्लो-मोशनला २४० फ्रेम देतो का? आणि शूट करताना तुम्ही उभे कुठं असता?

निपाणीची_सई
मी शाळेत विज्ञान शिकवते, खेळातलं फार कळत नाही. पण मोजमापाचा प्रश्न आहे म्हणून एक सुचवते. काका, एकच व्हिडिओ घ्या. आज कोन मोजा आणि आकडा वहीत लिहून वही मिटून ठेवा. दोन दिवसांनी तोच व्हिडिओ, जुना आकडा न बघता, पुन्हा मोजा. असं चार वेळा करा. उडी तीच आहे, त्यामुळे चारही आकडे सारखे यायला हवेत. ते जितके हलतील तितका तुमच्या मोजण्यातला हलतेपणा. आठवड्या-आठवड्यातला फरक त्याच्यापेक्षा मोठा असेल तरच तो मुलीचा म्हणायचा. प्रयोगवहीत मुलांना हेच सांगते, आणि मुलं हेच टाळतात.

चिकोडी_एक्सप्रेस
माझा मुलगा फास्ट बॉलिंग करतो. हात वाकतो अशी तक्रार आलीय. नियमात १५ अंशांपर्यंत चालतं ना? एका बाजूनं २४० फ्रेमला शूट करून किनोव्हियात कोन काढला तर सिद्ध होईल का?

मैदानमित्र
@चिकोडी_एक्सप्रेस, नाही होणार. मर्यादा १५ अंशांचीच आहे, पण ती कोपर किती वाकलेलं आहे याची नाही. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं, त्याची आहे. शिवाय बॉलिंग करताना हात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एका बाजूनं बघताना सरळ हातही वाकलेला दिसतो आणि वाकलेलाही सरळ दिसतो. म्हणून ती तपासणी प्रयोगशाळेत, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून करतात. मोबाइलच्या व्हिडिओवरून मुलाला दोषी ठरवू नका आणि निर्दोषही ठरवू नका.

मलप्रभाकाठ
सईताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. एकाच उडीचा गुडघ्याचा कोन चार वेळा मोजला: १६१, १६६, १५८, १६४. म्हणजे जी सुधारणा मी महिनाभर बघत होतो, ती सगळी याच्या पोटात बसते.

मग म्हटलं आणखी एक गोष्ट मोजून बघू. फळीच्या वाळूकडच्या कडेपासून बुटाचं टोक किती मागं आहे ते त्याच व्हिडिओत चार वेळा मोजलं. २१, २३, २२, २२ सेंटिमीटर. हा आकडा हलत नाही!

मैदानमित्र सर, फोन २४० देतो. मी फळीच्या समोर, धावपट्टीच्या कडेपासून सहा-एक मीटरवर उभा असतो, फोन हातात धरून.

टिळकवाडीचा_तेज
कोन हलतो आणि हा आकडा हलत नाही, असं का? मोजणारा माणूस एकच, व्हिडिओही एकच.

मैदानमित्र
चांगला प्रश्न विचारलात. कोनाला तीन बिंदू लागतात: कंबरेचा सांधा, गुडघा आणि घोटा. कंबरेचा सांधा सैल चड्डीच्या आत कुठं आहे हे आपण अंदाजानं ठरवतो, आणि तो बिंदू तीन-चार सेंटिमीटर सरकला तरी कोन चार-पाच अंशांनी बदलतो. त्यात पाय टेकल्याची फ्रेम निवडण्यातला गोंधळ वेगळाच.

फळीपासूनचं अंतर मोजताना पाय जमिनीवर थांबलेला असतो. लांब उडीत तो फळीवर सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागाइतका वेळ असतो. एवढ्या वेळात ३० फ्रेमवालाही फोन त्याला तीन-चार वेळा टिपतो, आणि पाय थांबलेला असल्यामुळे चित्रही पुसट येत नाही. त्यामुळे पाऊल कुठं पडलं एवढंच बघायचं असेल तर तेजचा फोर-के चालेल, उलट बराच. पाय जमिनीवर किती वेळ होता हे मोजायचं असेल तर मात्र २४०च हवेत. तिथंही एक फ्रेम म्हणजे सेकंदाचे चार हजारांश, आणि सुरुवात-शेवट दोन्हीकडं एकेक फ्रेम चुकू शकते. तेवढं धरूनच बोलायचं.

दुसरं कारण तुमच्याच फळीत आहे. फळी २० सेंटिमीटर रुंद असते आणि पाय तिच्यावर किंवा तिच्या शेजारी पडतो. मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच जागी आल्या.

मलप्रभाकाठ
तर मग फळीच्या आधीची पावलंही अशीच मोजता येतील ना? मी धावपट्टीच्या माझ्याकडच्या कडेला एकेक मीटरवर फक्कीच्या खुणा केल्यात.

मैदानमित्र
तिथं मोठा घोळ होतो बघा. धावपट्टी १.२२ मीटर रुंद असते. खुणा तुमच्याकडच्या कडेला आणि मुलगी मधून पळते, म्हणजे खुणांपेक्षा ६० सेंटिमीटर पलीकडून. तुम्ही कडेपासून ६ मीटरवर, फळीच्या बरोबर समोर. फळीपासून खरोखर ४ मीटर मागं पडलेलं पाऊल तुमच्या खुणांवर ३.६४ला दिसेल. ३६ सेंटिमीटरची चूक, आणि फळीपासून जितकं लांब तितकी ती वाढत जाणार. तुम्ही १२ मीटर मागं गेलात तरी १९ सेंटिमीटर उरतेच.

उपाय सोपा आहे. खुणा दोन्ही कडांना समोरासमोर करा आणि व्हिडिओत त्यांच्या जोड्या रेषेनं जोडा. मग पाऊल कुठल्या दोन रेषांमध्ये पडलं ते बघायचं. एवढ्यानं ती चूक जवळजवळ नाहीशी होते. फोन स्टँडवर लावा, कंबरेच्या उंचीवर, आणि स्टँडच्या जागी जमिनीत खुंटी ठोका, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो तिथंच येईल. पळणाऱ्याबरोबर फोन फिरवायचा नाही.

येळ्ळूर_रोड
मी तीस वर्षं पोरांना पळवतोय. मातीची धावपट्टी असताना हा सगळा खटाटोप कशाला? दर उडीआधी दाताळं फिरवा, पोरगी पळून गेली की ठशांवर टेप धरा. सेंटिमीटरपर्यंत खरं माप मिळतं. तुमच्या तालुक्यात पावसानंतरची लाल माती ठसा किती छान धरते!

निपाणीची_सई
काका, हे अगदी पटलं. जिथं थेट मोजता येतं तिथं चित्रातून कशाला मोजायचं.

मैदानमित्र
मलाही पटलं. मातीवर टेप व्हिडिओपेक्षा सरस आहे, वाद नाही. पण दोन अडचणी आहेत. एकटा माणूस दर उडीला दाताळं फिरवून पाच ठसे मोजत बसला तर मुलगी थंड पडते आणि पुढची उडी बिघडते. आणि सिंथेटिक पट्टीवर ठसा उमटतच नाही. तिथं कसं होतंय हे बघायचं असेल तर व्हिडिओच लागतो. माझं म्हणणं असं, की एखाद्या दिवशी दोन्ही करा. ठसेही मोजा, व्हिडिओतूनही काढा आणि ताडून बघा. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळलं तर पुढं व्हिडिओवर निर्धास्त राहा.

येळ्ळूर_रोड
हां, हे चालेल.

आखाड्यातला
माझं राहूनच गेलं की हो. पोरगा उशीर करतोय ते कसं मोजायचं?

टिळकवाडीचा_तेज
दादा, समोरच्याचा पाय पुढं पडतो ती फ्रेम आणि तुमच्या पोराचा हात खाली निघतो ती फ्रेम, दोन्हींच्या मधल्या फ्रेम मोजा. व्हीएलसीत `e` दाबलं की एकेक फ्रेम पुढं जाते.

आखाड्यातला
एवढं सोपं? बघतो. पण अंगावर अंग आलं की कुणाचा हात कुठं तेच दिसत नाही बगा.

शहापूरची_लेक
मध्येच बोलते, माफ करा. मुलींचं शूटिंग करताना घरच्यांना आणि त्या मुलीला विचारून करा, आणि व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. आमच्या ओळखीत एका मुलीची क्लिप अशीच फिरली आणि तिनं मैदानावर येणंच सोडलं. फ्रेममध्ये मागच्या दुसऱ्या मुली येतात, त्यांचाही विचार व्हावा.

मलप्रभाकाठ
बरोबर आहे ताई. मी तिच्या आईला आणि सरांना विचारलंय. व्हिडिओ माझ्या लॅपटॉपबाहेर जात नाहीत. आता कॅमेरा अशा बाजूला ठेवतो की मागं फक्त कुंपण दिसेल.

सर, एक विचित्र गोष्ट झाली. सरांनी त्यांच्या फोनवर २४०ला काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात फळीवर पाय असलेल्या फ्रेम जेमतेम चार आल्या. मी काढलेल्यात तीस येतात.

मैदानमित्र
व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, फ्रेमही गळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा केबलनं घ्या. फाइल तपासायची असेल तर लॅपटॉपवर हे चालवा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,nb_frames udi.mp4
```

पहिले दोन आकडे बरेच वेगळे दिसले तर फ्रेममधला वेळ सारखा नाही, त्यातून वेळ मोजू नका. आणखी एक. काही फोन २४०ला शूट करून फाइल ३०च्या गतीनं साठवतात. किनोव्हियाला ते सांगितलं नाहीत तर तो सगळा वेळ आठपट दाखवतो. तुमच्या तीस फ्रेम २४०नं भागल्या तर सेकंदाचा आठवा भाग येतो, म्हणजे तुमचं ठीक आहे.

निपाणीची_सई
काका, आता आकडे टाका ना. फळीपासून किती मागं पाय पडतो ते सगळ्या उड्यांचं.

मलप्रभाकाठ
जुने व्हिडिओ उघडून सगळं नव्यानं काढलं. पहिल्या आठवड्यात सहा उड्या होत्या. एक फाउल. बाकी पाचांत बुटाचं टोक कडेपासून ८, ३१, २४, १९, २७ सेंटिमीटर मागं. सरासरी जवळजवळ २२. टेपवरची सरासरी ४.७१.

कालच्या सहा उड्या सगळ्या नीट पडल्या: ९, १२, ६, १४, १०, ९. सरासरी १०. टेपवर सरासरी ४.८५. १४ सेंटिमीटरची वाढ! घरात सगळे खूश आहेत.

मैदानमित्र
आता याच आकड्यांतून तुमच्या मूळ प्रश्नाकडं येऊ.

टेप फळीच्या कडेपासून मोजतो, मुलगी कुठून उडाली ते त्याला माहीत नसतं. पहिल्या आठवड्यात टेपवर ४.७१ आणि पाय २२ मागं, म्हणजे ती खरोखर ४.९३ उडाली होती. काल ४.८५ आणि १० मागं, म्हणजे ४.९५. टेपवर वाढलेल्या १४ सेंटिमीटरपैकी १२ पाऊल फळीजवळ आल्यामुळे मिळाले. उरलेले २ तुमच्या मापाच्या चुकीत मावतात. तिची उडण्याची ताकद या आठवड्यांत वाढली असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. तिचा रनअप मात्र नक्की सुधारला, आणि तोही थोडा नाही.

वहीत हे दोन रकाने वेगळे ठेवा: फळीपासूनचं अंतर आणि खरी उडी. ज्या आठवड्यात फक्त पहिला सुधारेल तेव्हा रनअपचं काम फळाला आलं असं समजा. दुसरा सुधारेल तेव्हा ताकदीचं, वेगाचं, टेकऑफचं.

टिळकवाडीचा_तेज
हे भारी आहे. पण मग सरळ १० सेंटिमीटर पुढून पळायला सुरुवात केली तर? फुकटचे १० मिळतील.

येळ्ळूर_रोड
आणि अर्ध्या उड्या फाउल होतील. आता नियमही कडक आहे. पूर्वी प्लॅस्टिसिनवर खूण उमटली की फाउल धरायचे. नोव्हेंबर २०२१पासून टेकऑफ घेताना बुटाचा कुठलाही भाग त्या कडेच्या सरळ वरच्या रेषेपलीकडं गेला की फाउल. टोक हवेत पुढं झुकलं तरी गेली उडी.

मैदानमित्र
म्हणूनच सरासरीपेक्षा पसारा आधी बघायचा. पहिल्या आठवड्यात ८ ते ३१ असा २३ सेंटिमीटरचा पसारा होता आणि वर एक फाउल. तेव्हा सुरुवात पुढं सरकवली असती तर फाउल वाढले असते. आता पसारा ६ ते १४, म्हणजे ८चा. आता चार-पाच सेंटिमीटर पुढं सरकवायला हरकत नाही.

हा पसारा येतो कुठून तेही व्हिडिओत दिसतं. पळताना पावलागणिक लहान लहान चुका साठत जातात आणि शेवटच्या चार-पाच पावलांत खेळाडू फळी बघून पाऊल लहान-मोठं करत ती भरून काढतो. हे १९८२मध्ये फिल्मवर मोजून दाखवलं गेलंय, आणि अव्वल खेळाडूंचंही तसंच होतं. चूक मोठी असेल तर शेवटी आखूड पावलं घ्यावी लागतात आणि वेग जातो. त्यामुळे शेवटून पाचवं पाऊल कुठं पडतं ते बघा. तिथला पसारा कमी झाला की फळीवरचा आपोआप कमी होतो.

मलप्रभाकाठ
पाचव्या पावलाजवळ फोन लावून पाहिला, दोन्ही कडांना खुणा करून. पसारा २० सेंटिमीटर आहे. मग सुरुवातीच्या खुणेजवळ लावला तर कारणच दिसलं. ती कधी उभी राहून निघते, कधी दोन पावलं चालत येऊन. चालत आली की दुसरंच पाऊल तळवाभर इकडंतिकडं पडतं. सरांना दाखवलं, त्यांनी आजपासून उभ्यानंच सुरुवात करायला लावलीय.

शहापूरची_लेक
तिला स्वतःला दाखवता का हे व्हिडिओ?

येळ्ळूर_रोड
दाखवू नका. पोरं पायाकडं बघत पळायला लागतात. मी एक चांगली पोरगी अशी बिघडलेली पाहिलीय.

शहापूरची_लेक
मी स्वतः उडी मारायची. माझी उडी बाहेरून कशी दिसते हे मला कुणी कधी दाखवलं नाही. मला तरी बघायचं होतं. तिला विचारा, तिला हवं असेल तर दाखवा.

मैदानमित्र
माझा कल दोन्हीच्या मध्ये आहे. सराव झाल्यावर, दिवसातली एकच उडी, आणि त्यात एकच गोष्ट. पण येळ्ळूर काकांनी पाहिलेलं मी नाकारत नाही. प्रत्येक मुलीचं वेगळं असतं.

मलप्रभाकाठ
तिला विचारलं. फळीजवळची फ्रेम बघायची आहे म्हणाली, गुडघा नको म्हणाली.

एक अडचण राहिलीय. आमच्याकडं पावसाची सर आली की फक्की वाहून जाते आणि दोन्ही कडांच्या खुणा पुन्हा मोजून टाकाव्या लागतात. काही टिकाऊ उपाय आहे का?

येळ्ळूर_रोड
पट्टीच्या कडेबाहेर चार बोटांवर लाकडी खुंट्या ठोका, जमिनीच्या पातळीत, पायाला लागणार नाहीत अशा. डोक्यावर पांढरा ऑइलपेंट मारा. माझ्या अजून टिकल्यात.

आखाड्यातला
आमच्या पोराचं मोजलं. समोरच्याचा पाय पडल्यापासून याचा हात निघेपर्यंत ६०च्या व्हिडिओत कधी १४ फ्रेम, कधी २५. उशीर दर वेळी नाही तर. आता २५ कधी येतात ते शोधतोय, बहुतेक डाव्या बाजूनं आलं की.